निरोप एक, फळे तीन : मेळाव्याची सूचना मोबाईलवर कशी लिहावी



शिवारफेरी, पीक परिसंवाद, ऊस नोंदणीची तारीख यांच्या सूचना पूर्वी गट कार्यालयाच्या फळ्यावर लागत आणि चिटबॉय वस्तीवर जाऊन सांगत असे. आता त्याच सूचना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात. गावोगावच्या ग्रुपचे ॲडमिन म्हणजे आपलेच सभासद किंवा त्यांचे चिरंजीव. आमच्या शेतकी विभागाचा अनुभव असा की, पत्रकाचा मजकूर जसाच्या तसा तिन्ही ठिकाणी डकवला जातो, अन् कार्यक्रम झाल्यावर सभासद विचारतात, "साहेब, तारीख कुठं लिहिली होती?" तारीख लिहिलेली असते, पण ती दिसत नाही. असे का होते आणि त्यावर काय करावे, ते येथे सांगतो.

मजकूर कुठे तुटतो

तिन्ही ठिकाणी लांब मजकूर पूर्ण दिसत नाही. थोडा दाखवून पुढे "आणखी वाचा" अशा अर्थाचे शब्द येतात. ते दाबले तरच बाकीचे उघडते. इन्स्टाग्रामवर २२०० चिन्हांपर्यंत लिहिता येते, पण चित्राखाली सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. सुमारे १२५ चिन्हे धरून चालावे. फेसबुकवर त्याहून जास्त, म्हणजे चार-पाच ओळी दिसतात. ग्रुपवर बराच मजकूर दिसतो, पण फार लांबला तर तिथेही तुटतो. फोनचा पडदा आणि अक्षरांचा आकार यांप्रमाणे हे कमी-जास्त होते, म्हणून पक्की रेघ मारता येत नाही.

यात मराठीची एक गंमत आहे. आपण अक्षरे मोजतो, यंत्र चिन्हे मोजते. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातील हलन्त हे सारे वेगळे धरले जाते. "व्यवस्थापन" हा शब्द आपल्या लेखी पाच अक्षरांचा, पण यंत्राच्या लेखी दहा चिन्हांचा. म्हणून "१२५ चिन्हे" म्हणजे मराठीत जेमतेम पंधरा-वीस शब्द. आता आपले पत्रक कसे सुरू होते ते पाहा : "सर्व ऊस उत्पादक सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात अत्यंत आनंद होतो की, सालाबादप्रमाणे यंदाही कारखान्याच्या वतीने..." मजकूर इथेच तुटला. आनंद दिसला, तारीख गेली पोटात.

उपाय साधा आहे. काय, कधी, कुठे या तीन गोष्टी पहिल्या ओळीत याव्यात. मान्यवरांची नावे, प्रस्तावना, आभार हे सर्व खाली. मान्यवरांचा मान त्याने कमी होत नाही. माणसे आली तरच त्यांचे भाषण ऐकले जाईल.

ओळी कशा तोडाव्या

पत्रक छापखान्यातून येते तेव्हा कागदाच्या रुंदीप्रमाणे प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबलेला असतो. तो मजकूर अरुंद फोनवर गेला की प्रत्येक ओळ स्वतः मोडते आणि खाली एकच शब्द लोंबत राहतो. वडीलधारी मंडळी अक्षरे मोठी करून वाचतात, त्यांच्या फोनवर तर वाक्याचा पार चुरा होतो. म्हणून एंटर ओळ भरली म्हणून दाबू नये, मुद्दा संपला म्हणून दाबावा. वाक्य चालू असेल तर फोन त्याला आपोआप वळवतो.

दुसरे, रिकामी ओळसुद्धा जागा खाते. फेसबुकवर चार-पाचच ओळी दिसणार असतील आणि त्यातल्या दोन रिकाम्या सोडल्या, तर आपलेच नुकसान. पहिली रिकामी ओळ तारीख-ठिकाण झाल्यावरच सोडावी.

तिसरे, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून डकवला तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटतो. असे दिसले तर दुरुस्त करीत बसू नये, फोनवर मराठी कीबोर्डने नव्याने टाईप करावे.

एक उदाहरण

समजा, शहागड गटात खोडवा शिवारफेरी आहे. पाचट न जाळता कुजवणे आणि बुडखे छाटणी यांचे प्रात्यक्षिक शेतावर दाखवायचे आहे.

इन्स्टाग्रामवर पोरे चित्र पाहतात. तेथे पाचट पसरलेल्या शेताचा फोटो टाकून खाली एवढेच लिहावे :

खोडवा शिवारफेरी : रविवार २२ फेब्रुवारी, सकाळी ९, शहागड.
पाचट न जाळता खोडवा कसा राखायचा, ते शेतावर पाहा. घरातील वडीलधाऱ्यांना सांगा.

पहिली ओळ सुमारे ५५ चिन्हांची आहे, ती तुटत नाही. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरातील लिंक दाबून उघडत नाही, म्हणून नकाशाची लिंक तेथे देऊन उपयोग नाही. ठिकाणाची खूण शब्दांत लिहावी.

फेसबुकवर पहिली ओळ तीच ठेवावी. तिच्याखाली कोणाच्या शेतावर, बसथांब्यापासून किती अंतर, काय दाखवणार हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. मग एक रिकामी ओळ, नंतर मार्गदर्शकांची नावे, आणि शेवटी नकाशाची लिंक; येथे ती उघडते.

ग्रुपवर वाचणारा बांधावर उभा असतो. तेथे एका ओळीत एकच गोष्ट :

```
*खोडवा शिवारफेरी*
दिवस : रविवार, २२ फेब्रुवारी
वेळ : सकाळी ९ ते ११
ठिकाण : शहागड, बसथांब्याजवळ जमणे
काय पाहायचे : पाचट कुजवणे, बुडखे छाटणी
```

यातील तारकाचिन्हे ग्रुपवर अक्षर ठळक करतात. चिन्ह अक्षराला चिकटून हवे, मध्ये जागा सोडली तर ते तसेच दिसते. हाच मजकूर फेसबुक-इन्स्टाग्रामवर नेताना तारका काढाव्यात, कारण तेथे त्या ठळक न करता नुसत्या छापल्या जातात. संपर्काचा मोबाईल क्रमांक मात्र इंग्रजी अंकांत लिहावा, म्हणजे त्यावर बोट दाबून फोन लावता येतो.

तारखेची काळजी

"उद्या" किंवा "येत्या रविवारी" असे कधी लिहू नये. फेसबुक तीन दिवसांपूर्वीची पोस्ट आज वर आणते आणि ग्रुपवरचा निरोप पुढे पुढे फिरत राहतो. वाचणाऱ्याचा "उद्या" वेगळाच निघतो. वार आणि तारीख दोन्ही द्यावी. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून लक्षात येते. फोटो पुढे पाठवताना खालचा मजकूर कधी कधी सुटतो, म्हणून तारीख व ठिकाण फोटोवरही मोठ्या अक्षरांत घालावे.

कार्यक्रम पुढे गेला तर फेसबुक-इन्स्टाग्रामवरचा मजकूर केव्हाही दुरुस्त होतो. ग्रुपवर दुरुस्तीला १५ मिनिटेच मिळतात, आणि जो निरोप दुसऱ्या ग्रुपात गेला तो आपल्या हाती राहत नाही. तेव्हा "बदल :" या शब्दाने सुरू होणारा नवा निरोप टाकावा व त्यात जुनी आणि नवी दोन्ही तारखा द्याव्यात.

निरोप पाठवण्यापूर्वी तो आधी स्वतःच्या नंबरवर पाठवून मोठ्या अक्षरांच्या फोनवर पाहावा. काही न दाबता वार, वेळ आणि गाव वाचता आले, तर मजकूर जमला असे समजावे. न आले, तर वरची ओळ खाली आणि खालची वर करावी.

कळावे.

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग