आय-२० पोटातल्या बॅगेत नको

मुंबईहून शिकागोला निघालेला विद्यार्थी नेवार्कला विमान बदलणार असेल, तर इमिग्रेशन नेवार्कलाच होतं आणि मोठ्या बॅगा हाती येतात त्यानंतर. अबुधाबीमार्गे जाणाऱ्याची अमेरिकी तपासणी तर अबुधाबीतच उरकते. त्यामुळे आय-२० बॅगेत गेला की अधिकाऱ्यासमोर हात रिकामे. तो फारतर आय-५१५ए देऊन आत सोडेल, पण मग तीस दिवसांत कागद पूर्ण करण्याची धावपळ. काहींना परतही पाठवतात.

म्हणून केबिन बॅगेतल्या फोल्डरचा पहिला कप्पा फक्त खिडकीसाठी ठेवावा: पासपोर्ट, सही केलेला आय-२०, प्रवेशपत्र, सेव्हिस शुल्काची पावती आणि बँकेचे कागद. सही विसरणारे पुष्कळ!

मूळ पदवी आणि गुणपत्रिका मागच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पाकिटात सुट्या. लॅमिनेशन टाळावं, पुढे कुणाला मागे शिक्का मारायचा झाला तर कागद अडतो. भारतातल्या विद्यापीठाने मोहोरबंद दिलेला लिफाफा कुतूहलापोटीही फोडू नये, कारण उघडलेला लिफाफा तिकडचं कार्यालय नाकारू शकतं. आत काय आहे ते बाहेर पेन्सिलीने लिहावं.

झेरॉक्सचा संच मात्र दुसऱ्या बॅगेत. मूळ कागदांशेजारीच ठेवला, तर फोल्डरबरोबर तोही हरवतो.