पहिला AUG की खुणेचा AUG?

खाली दोन संदेशांचे तुकडे दिले आहेत. वरचा आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा आहे. दुधातली साखर फोडणारे विकर बनवायची सूचना त्यात असते. खालचा माणसाच्या स्वादुपिंडातला आहे आणि त्यावरून इन्सुलिन बनते.

```
...UUUCACACAGGAAACAGCUAUGACCAUGAUUACG...
...CACUGUCCUUCUGCCAUGGCCCUGUGGAUGCGC...
```

हे संदेशवाहक आरएनएचे, म्हणजे एमआरएनएचे तुकडे आहेत. रायबोसोम ही अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचतो आणि एकेका गटामागे एक अमिनो आम्ल जोडत प्रथिन विणतो. वाचन बहुतेक वेळा AUG या गटापासून सुरू होते. या गटाचा अर्थ मेथिओनिन. अडचण अशी की AUG हा गट केवळ सुरुवातीलाच येत नाही. प्रथिनात मध्ये कुठेही मेथिओनिन हवे असेल तर तिथेही हाच गट लिहिलेला असतो. वरच्या दोन्ही ओळी नीट पाहिल्या तर प्रत्येकीत AUG दोनदा सापडेल. दोन्हीकडचे रायबोसोम त्यातला पहिलाच निवडतात, पण त्यामागची कारणे अगदी वेगळी आहेत.

आधी जिवाणूकडे पाहू. वरच्या ओळीत पहिल्या AUG च्या थोडे अलीकडे AGGA ही चार अक्षरे आहेत. ती आणि AUG यांच्यामध्ये सात अक्षरांचे अंतर आहे. 1974 साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा इथे जॉन शाइन आणि लिन डालगार्नो हे दोघे जिवाणूच्या रायबोसोममधल्या आरएनएच्या शेवटच्या टोकाची अक्षरे उलगडत होते. रायबोसोमच्या छोट्या भागात सुमारे दीड हजार अक्षरांचा एक आरएनए असतो. त्याच्या शेपटीत त्यांना CCUCCU ही अक्षरे मिळाली. आरएनएत A ची जोडी U शी आणि G ची C शी जमते. त्यामुळे ही शेपटी संदेशातल्या AGGAGG सारख्या अक्षरांना उलट दिशेने नेमकी चिकटू शकते. जिवाणूंच्या आणि त्यांच्या विषाणूंच्या ज्या संदेशांच्या सुरुवाती तोवर माहीत होत्या, त्यांत AUG च्या अलीकडे अशीच अक्षरे दिसत होती. पुढच्याच वर्षी जोन स्टाइट्झ आणि कॅरेन जेक्स यांनी ही जोडी प्रत्यक्षात जुळते हे दाखवले. शाइन-डालगार्नो क्रम हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

म्हणजे जिवाणूचा रायबोसोम AUG शोधत संदेशावरून फिरत नाही. त्याची शेपटी थेट खुणेला चिकटते आणि तिथून पाच ते नऊ अक्षरांवर जो AUG असेल तो आपोआप रायबोसोमच्या योग्य खाचेत येऊन बसतो. वरच्या ओळीतला दुसरा AUG खुणेपासून तेरा अक्षरे दूर आहे. खाचेत बसायला तो फार लांब पडतो, म्हणून तो सुरुवात ठरत नाही. अंतर कमी-जास्त केले की प्रथिन बनण्याचे प्रमाण घसरते. खूण आरएनएच्या एखाद्या घट्ट घडीत दडली तरीही तेच होते. मात्र हा नियम सार्वत्रिक मानू नये. कित्येक जिवाणूंत अशी खूण नसलेले संदेशही आहेत. क्षयाच्या जिवाणूत तर AUG वा GUG पासूनच सुरू होणारे, अलीकडे काहीच नसलेले संदेश बरेच सापडतात.

या पद्धतीचा फायदा वरच्या ओळीच्या पुढच्या भागात दिसतो. साखर फोडणाऱ्या विकराचा मजकूर तीन हजारांहून अधिक अक्षरांचा आहे. तो संपल्यावर त्याच आरएनएवर आणखी दोन प्रथिनांचे मजकूर येतात. त्यातले एक साखर पेशीत ओढून आणते. या प्रत्येक मजकुराला स्वतःची सुरुवातीची जागा आहे. त्यामुळे एकाच संदेशावर तीन ठिकाणी रायबोसोम चढू शकतात. दुसऱ्या मजकुराची सुरुवात गाठायला आधीचे सगळे AUG ओलांडावे लागत नाहीत.

आता खालची ओळ पाहा. इन्सुलिनच्या AUG च्या अलीकडे, योग्य अंतरावर, AGGAGG सारखे काही नाही. आपल्या पेशींतल्या रायबोसोमला ती CCUCC शेपटीही नाही. केंद्रक असलेल्या पेशींनी, म्हणजे यीस्टपासून माणसापर्यंत सर्वांनी, दुसरा मार्ग धरला आहे. आपल्या एमआरएनएच्या आरंभीच्या टोकाला उलटा जोडलेला एक बदललेला G असतो. त्याला टोपी म्हणतात. 1970 च्या दशकाच्या मध्याला तिचा उलगडा झाला. एक विशिष्ट प्रथिन ही टोपी पकडते. मग त्याच्या साथीदारांच्या मदतीने रायबोसोमचा छोटा भाग टोकावर चढतो. मेथिओनिन घेऊन आलेला टीआरएनए त्याने आधीच सोबत घेतलेला असतो. गल्लीच्या तोंडाशी उतरून एकेक दार वाचत जाणाऱ्या पोस्टमनसारखा तो एकेक अक्षर पुढे सरकतो. वाटेत घड्या आल्या तर त्या उलगडण्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. टीआरएनएशी जुळणारा पहिला AUG आला की तो थांबतो, मोठा भाग येऊन जुळतो आणि विणकाम सुरू होते. इन्सुलिनच्या संदेशात टोकापासून इथवर सुमारे साठ अक्षरे आहेत आणि त्यांत एकही AUG नाही. म्हणून हाच पहिला.

मॅरिलिन कोझाक यांनी 1978 साली ही टोकापासून चाचपत जाण्याची कल्पना मांडली. त्यांचा पुढच्या वर्षीचा प्रयोग मला या साऱ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी आरएनएचा धागा घेतला आणि त्याची दोन टोके एकमेकांना जोडून वर्तुळ केले. जिवाणूचे रायबोसोम त्या वर्तुळावर सहज चढले, कारण त्यांना लागते ती खूण, आणि ती वर्तुळातही शाबूत असते. केंद्रक असलेल्या पेशींचे रायबोसोम सरळ धाग्यावर चढत होते, पण वर्तुळावर चढेनात. वर्तुळाला टोक नसते, मग सुरुवात कुठून करणार? एका जोडणीने दोन पद्धती स्वच्छ वेगळ्या झाल्या.

1988 साली यीस्टवर झालेला एक प्रयोग याला पूरक आहे. सुरुवात करणाऱ्या टीआरएनएमध्ये बदल करून तो AUG ऐवजी AGG शी जुळेल असा बनवला गेला. रायबोसोम AGG वर थांबून तिथून वाचू लागला. म्हणजे AUG ओळखण्याचे मुख्य काम त्या टीआरएनएचेच आहे.

कोझाक यांनी पुढे हेही दाखवले की पहिला AUG असला की झाले, असे नाही. त्याच्या आसपासची अक्षरेही मोजली जातात. विशेषतः तीन अक्षरे अलीकडे A किंवा G असावा आणि AUG च्या लगेच पुढे G असावा. इन्सुलिनची ओळ पाहा: GCCAUGG. दोन्ही अटी पुऱ्या होतात. त्या पुऱ्या नसतील तर काही रायबोसोम तो AUG सोडून पुढच्याकडे निघून जातात.

या नियमाला वळसा घालणारे विषाणू आहेत. पोलिओचा विषाणू पेशीत शिरला की टोपीशी जुळवणी करणारे एक मोठे प्रथिन कापून टाकतो. पेशीच्या स्वतःच्या संदेशांचे वाचन मंदावते. त्याच्या स्वतःच्या आरएनएला टोपी नसतेच. त्याच्या अलीकडच्या भागात एक गुंतागुंतीची घडी असते, ती रायबोसोमला थेट आत उतरवते. अशा घडीचा तुकडा घातलेले आरएनएचे वर्तुळ 1995 साली तपासले गेले, तेव्हा केंद्रक असलेल्या पेशींचे रायबोसोम त्यावर चढले. कोझाक यांच्या वर्तुळात टोकाची उणीव होती, ती या घडीने भरून काढली.

दोन पद्धतींतली ही दरी औषधनिर्मितीत लगेच आडवी आली. 1978 साली अमेरिकेत ई. कोलायकडून माणसाचे इन्सुलिन बनवून घ्यायचे ठरले, तेव्हा मानवी संदेश तसाच जिवाणूला देऊन भागणार नव्हते. त्याला सुरुवातच सापडली नसती. शास्त्रज्ञांनी इन्सुलिनच्या दोन साखळ्यांचे मजकूर प्रयोगशाळेत जुळवले आणि प्रत्येक मजकूर साखर फोडणाऱ्या विकराच्या मजकुराला मागून जोडला. म्हणजे रायबोसोम चढायचा तो वरच्या ओळीतल्या AGGA वर, वाचायला लागायचा तिथल्या AUG पासून, आणि पुढे वाचत जाऊन शेवटी इन्सुलिनची साखळी विणायचा. मग ती साखळी विकरापासून सोडवायची कशी? जोडावर एक मेथिओनिन ठेवले होते. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन प्रथिनाला मेथिओनिनपाशी तोडते. इन्सुलिनच्या साखळ्यांत मेथिओनिन नाही, म्हणून त्या अखंड सुटल्या.

वाढीच्या मानवी संप्रेरकाला ही युक्ती चालणारी नव्हती, कारण त्याच्या आत मेथिओनिन आहेत आणि रसायनाने त्याचेच तुकडे झाले असते. म्हणून 1979 साली त्याचा मजकूर जिवाणूच्या खुणेपुढे योग्य अंतरावर, स्वतःचा AUG देऊन बसवला गेला. प्रथिन थेट बनले. मात्र त्या AUG मुळे टोकाला एक मेथिओनिन जादा आले. माणसाच्या संप्रेरकात 191 अमिनो आम्ले असतात, यात 192 होती. 1985 साली त्याचे औषध बाजारात आले तेही या जादा मेथिओनिनसह.

टोकापासून वाचत जाण्याची किंमत माणसाला कधी मोजावी लागते, ते त्वचेच्या कर्करोगाच्या काही कुटुंबांत दिसले. CDKN2A हे जनुक पेशीविभाजनाला लगाम घालणारे प्रथिन बनवते. 1999 साली असा बदल नोंदवला गेला की त्याच्या खऱ्या AUG च्या 34 अक्षरे अलीकडे एका G चा T झाला होता, म्हणजे आरएनएत U. तेवढ्याने तिथे नवा AUG तयार झाला. प्रथिनाच्या मजकुरातले एकही अक्षर बदलले नव्हते. पण टोकापासून येणारा रायबोसोम आधी या नव्या AUG वर थांबू लागला. तिथून तीन-तीनची मोजणी वेगळ्या ठिकाणाहून पडते, म्हणून भलतेच काहीतरी विणले जाते. खऱ्या AUG पर्यंत पोहोचणारे रायबोसोम कमी झाले आणि लगामाचे प्रथिनही. अलीकडे खूण नसलेला असा एकटा AUG जिवाणूच्या संदेशात आला असता, तर रायबोसोमने सहसा त्याची दखल घेतली नसती.

अशा रुग्णाच्या जनुकाचा फक्त प्रथिनाचा मजकूर तपासला तर अहवाल निर्दोष येतो. बिघाड सापडायचा तर टोपी आणि AUG यांच्यामधली अक्षरेही वाचावी लागतात, आणि तिथे दिसलेला प्रत्येक नवा AUG खऱ्याच्या अलीकडे पडतो का आणि त्याच्या आसपासची अक्षरे कोझाक यांच्या नियमात बसतात का, हे पाहावे लागते.