सिगारेट सोडण्यासाठी अ‍ॅप घेताय? आधी रिमाइंडर तपासा, बॅज नंतर

सिगारेट सोडायला मदत करणारी ढीगभर अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर दिसतात. बहुतेकांची पहिली स्क्रीन सारखीच असते: किती दिवस झाले, किती पैसे वाचले, फुफ्फुसं किती टक्के सुधारली. पण नेमकी तलफ येते तेव्हा यातलं काय उपयोगी पडतं?

नोंद कशाची होते?

फक्त आकडा मोजणारं अ‍ॅप पुरेसं नाही. प्रत्येक सिगारेटची वेळ, जागा आणि कारण दोन टॅपमध्ये टिपता आलं पाहिजे. समजा, तुम्ही दिवसाला आठ सिगारेट ओढता. सोडण्याआधी चार दिवस नोंद ठेवली आणि दिसलं की रोज अकराच्या चहाला टपरीवर एक ठरलेली आहे, दुसरी जेवणानंतर. आता नेमकं कुठे अडवायचं, हे तुम्हाला कळलं.

रिमाइंडर कधी वाजतो?

सकाळी नऊला येणारा ‘आज सिगारेट नको’ हा मेसेज अकरा वाजेपर्यंत विसरला जातो. त्यामुळे वेळ आणि मजकूर स्वतः ठरवता येणारं अ‍ॅप निवडा. 10.50 ला ‘चहा जागेवरच मागव’ असा रिमाइंडर लावा. तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ निभावणं महत्त्वाचं.

इथे एक तांत्रिक अडचण येते. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपची नोटिफिकेशन अडवतात किंवा उशिरा दाखवतात. एक तासानंतरचा रिमाइंडर लावून फोन लॉक करून ठेवा. तो उशिरा आला, तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा.

दिखाऊ काय?

फुफ्फुसांचा टक्का. फोन तुमची फुफ्फुसं तपासत नाही; शेवटच्या सिगारेटपासून गेलेला वेळ तो ठरलेल्या तक्त्यात बसवतो. दोघांनी एकाच दिवशी सोडली, तर वीस वर्षं ओढणाऱ्याला आणि दोन वर्षं ओढणाऱ्याला सारखाच आकडा दिसू शकतो.

दिवसांची साखळी सुरुवातीला हुरूप देते. पण विसाव्या दिवशी एक सिगारेट ओढली आणि काउंटर शून्यावर आला, की ‘आता गेलंच सगळं’ म्हणत पाकीट विकत घेतलं जातं. चूक वेगळी नोंदवून आधीचे वीस दिवस तसेच ठेवणारं अ‍ॅप बरं.

अ‍ॅप पुरेसं आहे का?

2019 च्या कॉक्रेन आढाव्यात साध्या मेसेज सेवेचा फायदा दिसला. अ‍ॅप्सबाबत मात्र पुरावा अपुरा होता. त्यामुळे अ‍ॅपमध्ये माणसाशी बोलण्याची सोय नसेल, तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा सरकारी क्विटलाइनचा टोल फ्री नंबर आजच सेव्ह करा. तलफ आवरतच नसेल, तर निकोटिन गम किंवा औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.