फ्रेम निवडताना आधी आकडे, मग आकार, मग रंग

मी सास्तूरचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आजचा विषय चष्म्याची फ्रेम, आणि निमित्त आमच्या घरातलंच.

माझा चुलतभाऊ बारावीला आहे. चेहरा लांबट आणि अरुंद, दोन्ही डोळ्यांना मायनस ५ नंबर. त्यानं मोबाईलवर बघून मोठी, चौकोनी, पातळ तारेची फ्रेम मागवली. लांबट चेहऱ्याला उंच फ्रेम शोभते, हे त्यानं ऐकलेलं बरोबरच होतं. पण चष्मा आला तेव्हा काचांच्या बाहेरच्या कडा जाडजूड, डोळे बारके, आणि काचेतून कानशिलाची कड आत सरकलेली. आठवड्यात चष्मा डब्यात गेला, आणि भाऊ वर्गात फळा अंदाजानं वाचायला लागला!

चुकलं कुठं? काडीच्या आतल्या बाजूला 54□18-145 असं लिहिलेलं होतं. म्हणजे एका काचेची रुंदी ५४ मिलिमीटर, दोन काचांमधलं अंतर १८, काडीची लांबी १४५. आता ५४ आणि १८ ची बेरीज ७२. हे झालं दोन काचांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. भावाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मात्र ६२. फरक १०, म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून ५ मिलिमीटर नाकाकडे. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. डोळ्यापासून कड जितकी लांब, तितकी ती जाड. चौकोनाचा कोपरा तर सगळ्यात लांब!

मग आम्ही उमरग्याला जाऊन 48□17 घेतली. बेरीज ६५, सरकणं दीडच मिलिमीटर. आकार घेतला गोलसर, वरची कड भुवयांच्या रेषेत. रुंदीच्या मानानं उंची बरी होती, त्यामुळं लांब चेहरा मध्येच तुटतो. नाकावरचा पूल थोडा खाली बसणारा घेतला, त्यानं नाक आखूड दिसतं.

रंगाचं काम शेवटी. तारेची फ्रेम काचेची कड उघडी टाकते, म्हणून जाड प्लास्टिकची, गडद तपकिरी घेतली. काड्या फिकट मधाळ रंगाच्या, म्हणजे नजर दोन्ही बाजूंना जाते आणि चेहरा थोडा रुंद वाटतो.

तुमचा चेहरा गोल असेल तर उलटं करा: उंची कमी, कोपरे ठळक, पूल थोडा वर. पण हा काही कायदा नाही बरं का. बाबासाहेबांचा चेहरा भरलेला, तरी त्यांचा गोल चष्मा आज नुसता काढून दाखवला तरी ओळखू येतो. शोभण्याचे नियम मोडता येतात, काचेचं गणित मात्र मोडत नाही. म्हणून दुकानात बाहुल्यांमधलं अंतर मोजून कागदावर लिहून घ्या, आणि मगच आरशासमोर उभे राहा.

भाऊ आता चष्मा लावूनच वर्गात बसतो. चला, भेटू पुढच्या भागात!