तिरफळ म्हणजे त्रिफळा नव्हे! बांगड्याच्या कालवणातला हा मसाला आहे तरी काय?

बांगड्याच्या कालवणाची एखादी मालवणी रेसिपी बघा. साहित्याच्या यादीत हमखास लिहिलेलं असतं, '८-१० तिरफळं'. कुणी त्याला 'त्रिफळं' म्हणतं, गोव्यात 'तेफळां' म्हणतात. आता कोकणाबाहेरच्या माणसाने हा शब्द ऑनलाइन शोधला की त्याच्यासमोर काय येतं? त्रिफळा चूर्ण. हिरडा, बेहडा आणि आवळा यांचं, पोट साफ होण्यासाठी रात्री कोमट पाण्यासोबत घेतात ते.

त्या व्हिडिओंखाली "त्रिफळा पावडर चालेल का?" असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. तर नाही चालणार. त्रिफळा तुरट आणि कडवट असतो, तो कालवणात पडला की बांगडेही वाया आणि नारळही. दोन्ही नावांत 'फळ' आहे, एवढंच काय ते नातं. (क्रिकेटमधला 'त्रिफळाचीत' हा आणखी तिसराच.)

मग तिरफळ नक्की काय आहे?

कोकण, गोवा आणि पुढे कर्नाटकाच्या किनारपट्टीत, पश्चिम घाटाच्या कुशीत एक झाड वाढतं. त्याच्या खोडावर जाड, शंकूसारखे काटे असतात, त्यामुळे फळं काढणं हे सोपं काम नाही. पावसाळा सरता सरता फळांचे हिरवे घोस तयार होतात. ते उन्हात वाळवले की फळ तडकतं, तोंड उघडतं आणि आतली काळी चकचकीत बी दिसू लागते. आपल्याला हवी असते ती बाहेरची साल. बी टाकून द्यायची. मसाल्यात आपण बहुतेक वेळा बी वापरतो आणि टरफल फेकतो, इथे नेमकं उलटं आहे.

हे झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातलं आहे. म्हणून ताज्या तिरफळाचा वास घेतला तर आधी संत्र्याच्या सालीची आठवण येते आणि मग त्याच्यामागून रानटी, उग्र असा दर्प येतो.

पण तिरफळाची खरी ओळख वासात नाही, जिभेवर आहे. सालीचा छोटासा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवून चावला की थोड्या वेळाने तिथे झिणझिण्या येतात, मग जीभ जराशी बधिर होते. हा तिखटपणा नाही. मिरचीने आग होते, इथे पायाला मुंग्या याव्यात तसं जिभेचं होतं. कन्नडमध्ये या फळाचं एक नावच 'जुम्मिन काई' असं आहे, म्हणजे जुम्म करणारं फळ. मराठीत मात्र या चवीला वेगळा शब्द नाही, 'जीभ चुरचुरते' म्हणून आपण वेळ मारून नेतो. चिनी लोकांकडे त्यासाठी स्वतंत्र शब्द आहे, 'मा'. झणझणीत तिखटाला 'ला'. दोन्ही एकत्र आले की 'माला'.

इथेच दुसरा घोळ सुरू होतो. इंग्रजी रेसिपीत तिरफळाला सरळ 'सिचुआन पेपर' लिहून टाकतात. दोघं एकाच झँथोझायलम कुळीतले, म्हणजे चुलतभाऊ आहेत हे खरं. पण चिनी दाणा बारीक असतो, त्याचा वास फुलासारखा हलका असतो आणि तो भाजून, कुटून पदार्थात घालतात. आपलं तिरफळ मोठं, वासाला कितीतरी उग्र, आणि ते भाजायचं नाही की दळायचंही नाही. नेपाळचा टिमूर हाही याच घराण्यातला, त्याचाही वास वेगळा. अगदीच अडलं तर एकाच्या जागी दुसरा वापरता येतो, पण मग कालवण कोकणातलं लागत नाही. आणि हो, बाटलीत मिळणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक शेझवान चटणीत हा चिनी दाणा नसतोच, तिथे सगळा कारभार लाल मिरची आणि लसणाचा.

हे लिंबाचं कुळ अमेरिकेत चांगलंच नडलं होतं. लिंबूवर्गीय झाडांना होणारा कँकर रोग या दाण्यांबरोबर देशात येईल, या भीतीने तिथे १९६८ पासून सिचुआन पेपरच्या आयातीवर बंदी होती. आधी उष्णता देऊनच दाणे आणायचे, या अटीवर ती २००५ मध्ये उठली.

आता तिरफळ वापरायचं कसं, ते चार मध्यम बांगड्यांच्या हिशोबाने बघू.

एक वाटी ओलं खोबरं, भिजवलेल्या सहा-सात बेडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि थोडी हळद हे सगळं एकदम गंधासारखं वाटून घ्यायचं. आठ-दहा तिरफळं घ्यायची, त्यातल्या काळ्या बिया आणि देठ काढायचे आणि साली दोन-तीन चमचे पाण्यात बोटांनी किंवा खलबत्त्यात फक्त ठेचायच्या. वाटण हवं तेवढं पाणी घालून उकळायला ठेवायचं. उकळी आली की मीठ, चार-पाच आमसुलं, बांगड्याचे तुकडे आणि ठेचलेली तिरफळं त्यांच्या पाण्यासकट घालायची. मंद आचेवर सहा-सात मिनिटांत मासा शिजतो. गॅस बंद करून वरून चमचाभर कच्चं खोबरेल सोडायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. यात फोडणी नाही, कांदा-लसूण नाही. लसूण घातला तर तिरफळाचा वास त्याच्याखाली दबतो.

यात चूक बहुतेक वेळा दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे तिरफळं वाटणासोबत मिक्सरला लावणं. साल बारीक दळली गेली की कालवणाला कडवटपणा येतो, आणि चुकून बिया राहिल्या असतील तर दाताखाली वाळूसारखी कचकच लागते. दुसरी म्हणजे तिरफळं सुरुवातीलाच घालून रटरट उकळणं. त्यांचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, तो वाफेबरोबर निघून जातो. घरभर सुवास आणि ताटात काही नाही, असं होतं.

बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट, उग्र वासाच्या माशांनाच तिरफळ शोभतं. तिथे ते माशाचा हिवसपणा झाकतं. पापलेटच्या नाजूक चवीवर मात्र ते कुरघोडी करतं, म्हणून पापलेटला ते न घातलेलंच बरं. शाकाहारी घरांत तिरफळ काळ्या वाटाण्याच्या उसळीत पडतं, आणि माझ्या मते ती उसळ बांगड्याच्या तोडीची लागते.

विकत घेताना तोंड उघडलेली, हिरवट-तपकिरी, हलकी फळं निवडा. एखादं बोटांत चुरडून बघा. संत्र्याच्या सालीसारखा वास लगेच नाकात शिरला तर माल चांगला आहे. नुसता लाकडाच्या भुशासारखा वास आला तर तो जुना आहे, दहाच्या जागी वीस घातली तरी काही होणार नाही. ऑनलाइन मागवताना 'त्रिफळा' लिहू नका, 'तिरफळ' किंवा 'tirphal' टाइप करा आणि फोटोत अख्खी, फुटलेली फळं दिसतायत ना ते पाहा. पावडर दिसली तर ते बहुधा चूर्णच आहे. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा.

आणि जेवताना ताटात साल आली तर चावायची नाही, आमसुलासोबत बाजूला काढून ठेवायची. पाहुणा नवखा असेल तर हे त्याला पहिल्या घासाआधीच सांगा, नंतर त्याच्या जिभेला पुढच्या दहा मिनिटांत कशाचीच चव लागत नाही.