पायांवरचे जांभळे उंच ठिपके आणि लघवीची तपासणी

समजा, ४५ वर्षांच्या एका माणसाने घसादुखीसाठी गोळ्या घेतल्या. आठ-दहा दिवसांनी त्याच्या दोन्ही नडग्यांवर आणि घोट्यांभोवती मसूरडाळीएवढे जांभळे ठिपके उठले. असे ठिपके घरी दोन प्रकारे पाहता येतात. काचेचा पारदर्शक ग्लास ठिपक्यावर दाबून धरा. साधा लाल चट्टा दाबल्यावर फिका पडतो. हा ठिपका जांभळाच राहतो, कारण रक्त वाहिनीबाहेर कातडीत झिरपलेले असते. मग त्यावरून बोट फिरवा. प्लेटलेट कमी झाल्याने येणारे ठिपके बहुधा सपाट असतात. बोटाला उंच लागणारा ठिपका मात्र बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज आल्याचे सुचवतो.

कारण जंतुसंसर्ग, नवे औषध किंवा ल्युपससारखा आजार असू शकते. पुष्कळदा ते सापडतही नाही. पण मोठी काळजी मूत्रपिंडाची असते. तिथल्या वाहिन्या सुजल्या तरी सहसा दुखत नाही. लघवीतून रक्त आणि प्रथिने जाऊ लागतात, ती डोळ्यांना दिसतीलच असे नाही. म्हणून पहिल्याच भेटीत लघवी, रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ठिपके गेल्यावरही काही महिने लघवी अधूनमधून तपासावी.

सोबत ताप, जोराची पोटदुखी, काळी शौचास किंवा हातापायांत बधिरपणा असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. स्टिरॉइड मनाने सुरू करू नये.