चार सेकंद दिसलेलं कार्ड

ज्येष्ठ नागरिकांसाठी ऑनलाइन व्यवहारांचा वर्ग चालू आहे, असं समजा. ‘सीव्हीव्ही कुठे असतो?’ असं एक आजोबा विचारतात. शिकवणाऱ्या ताई आपलं डेबिट कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून दोन्ही बाजू दाखवतात. चार सेकंदांचं काम. पण संध्याकाळी या वर्गाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायचं असतं.

सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर कार्ड शंभर चित्रांत आलेलं असतं. व्हिडिओ चालू असताना आकडे पुसट वाटतात. तो थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवली, की हात क्षणभर स्थिर राहिलेली एखादी फ्रेम सापडते आणि सोळाच्या सोळा आकडे स्वच्छ वाचता येतात.

अशा वेळी बहुतेक जण तेवढा भाग धूसर करतात किंवा त्यावर चौकटीचौकटींचा मोझेक टाकतात. चेहऱ्यासाठी ते एक वेळ ठीक, आकड्यांसाठी नाही. प्रत्येक जागी दहापैकीच एक आकडा असू शकतो आणि ठसाही ठरावीक असतो. त्यामुळे दहाही आकडे तसेच धूसर करून कोणता जुळतो, हे ताडून पाहता येतं. स्क्रीनशॉटमधला मोझेक केलेला मजकूर अशाच पद्धतीनं परत मिळवता येतो, हे 2020 मध्ये ‘डेपिक्स’ नावाच्या प्रोग्रॅमनं दाखवून दिलं. व्हिडिओत तर हलत्या कार्डावर मोझेकच्या चौकटी दर फ्रेमला वेगळ्या जागी पडतात. म्हणजे ताडून पाहायला आणखी माहिती मिळते.

म्हणून तिथे ठार काळी चौकट हवी. ffmpeg या मोफत प्रोग्रॅममध्ये ती अशी टाकतात:

```
ffmpeg -i class.mp4 -vf "drawbox=x=400:y=250:w=560:h=380:color=black:t=fill:enable='between(t,753,759)'" -c:a copy safe.mp4
```

कार्ड 12:34 ते 12:38 या वेळात, म्हणजे 754 ते 758 सेकंदांदरम्यान दिसतं. चौकट दोन्हीकडे एकेक सेकंद जास्त ठेवली आहे, कारण बहुतेक वेळा चूक होते ती कार्ड चौकटीत येताना किंवा बाहेर जाताना. हात फार हलत असेल तर ते सहा सेकंद अख्खा पडदाच काळा करावा.

निम्मा नंबर झाकून भागत नाही. पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे दिसत असतील तर मधल्या सहांच्या दहा लाख शक्यता उरतात. पण कार्डाचा शेवटचा आकडा बाकीच्यांवरून ठरावीक गणितानं काढलेला असतो, त्यामुळे त्या थेट एक लाखावर येतात. ओळखपत्राच्या बारकोडचं तर याहून वाईट: उभ्या रेघांची एक पातळ आडवी पट्टी उघडी राहिली तरी स्कॅनर तो वाचतो.

चित्र झाकल्यावर आवाजही ऐकावा. ताईंनी नंबर मोठ्यानं वाचला असेल तर तो ध्वनीत आहे, आपोआप तयार झालेल्या उपशीर्षकांच्या फाइलमध्येही आहे. मीटिंगच्या क्लाउडवर मूळ रेकॉर्डिंग तसंच पडून असतं. तिथली लिंक कुणाकडे गेली आहे का, ते बघून ते पुसावं. आणि मूळ फाइल आधीच ग्रुपवर गेली असेल, तर झाकाझाकीत वेळ न घालवता बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करून नवं मागवावं. काही परदेशी संकेतस्थळांवर नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर, ओटीपीशिवायही पैसे कापले जातात.